क्रम लावून केलेली तुलना: टी-चाचणी अडते तिथे मॅन-व्हिटनी काय करते

पोटाच्या एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची काळजी घेण्याच्या दोन पद्धती आहेत असं समजू. दहा रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. जुन्या पद्धतीतले पाच जण ६, ९, ११, १४ आणि ४१ दिवस रुग्णालयात राहिले. नव्या पद्धतीतले पाच जण ३, ४, ५, ७ आणि ८ दिवस राहिले. हे आकडे समजावण्यासाठी मी बनवले आहेत, पण मुक्कामाच्या दिवसांची खरी नोंदवही उघडली तरी साधारण असंच चित्र दिसतं. बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत घरी जातात, आणि एखाद्याची जखम चिघळते की तो महिना-सव्वा महिना अडकून पडतो.

आकडे नुसते वाचले तरी नवी पद्धत बरी वाटते. जुन्या पद्धतीतला एकच रुग्ण, सहा दिवसांत सुटलेला, नव्या पद्धतीतल्या दोघांच्या आधी घरी गेला. बाकीचे चौघे नव्या गटातल्या प्रत्येकापेक्षा जास्त दिवस राहिले. आता यावर नेहमीची टी-चाचणी लावू. जुन्या गटाची सरासरी १६.२ दिवस, नव्याची ५.४, म्हणजे फरक १०.८ दिवसांचा. या फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे ६.४० ने, भागलं की टी येतो १.६९ आणि पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा टी येण्याची शक्यता, ०.१३ च्या आसपास. ०.०५ ही प्रचलित रेषा धरली तर निष्कर्ष असा लिहावा लागेल, की फरक सिद्ध होत नाही.

आता एकच बदल करू. ४१ दिवस राहिलेला रुग्ण १७ दिवसांतच घरी गेला असं धरू. जुन्या गटाची सरासरी ११.४ वर येते, फरक आकसून ६ दिवसांचा होतो, आणि टी मात्र वाढून २.८२ होतो. पी-मूल्य ०.०२२ च्या जवळ जातं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून नीट पाहा. जुन्या पद्धतीतला एक रुग्ण आणखी २४ दिवस खितपत पडला, म्हणजे नव्या पद्धतीची बाजू उलट बळकट व्हायला हवी होती. टी-चाचणीच्या हिशेबात ती कमकुवत झाली.

याचं कारण भाजकात आहे. १७ चे ४१ झाले तेव्हा अंशातला फरक ६ वरून १०.८ झाला, म्हणजे दुपटीलाही पोचला नाही. पण छेदातली प्रमाण त्रुटी २.१३ वरून ६.४० झाली, तिपटीने वाढली. प्रमाण विचलन काढताना प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर वर्ग करून घेतात, त्यामुळे एकच लांबचा आकडा सगळ्यांवर भारी पडतो. आपल्या उदाहरणात जुन्या गटाच्या वर्गांची बेरीज ८०२.८ आहे आणि त्यातले ६१५ एकट्या ४१ दिवसांच्या रुग्णामुळे आलेत. आकडे सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतात, म्हणजे प्रसामान्य वितरणासारखे असतात, तेव्हा सरासरी आणि प्रमाण विचलन ही जोडी चांगलं काम करते. एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांत, त्यातही गट लहान असताना, ती कोलमडते. गट मोठे असतील तर सरासऱ्यांचं वितरण हळूहळू प्रसामान्य होत जातं आणि टी-चाचणीचं पी-मूल्य बऱ्यापैकी भरवशाचं ठरतं. पण शेपटीमुळे छेद फुगणं तिथेही थांबत नाही. खरा फरक असूनही तो पकडला जात नाही, हे नुकसान होतच राहतं.

मग त्या ४१ चं करायचं काय? काढून टाकायचा नाही. तो रुग्ण खरा आहे आणि त्याचे ४१ दिवसही खरे आहेत. अडचणीचे आकडे गाळून विश्लेषण सुरळीत करण्याची सवय घातक आहे. आपल्याला असा मार्ग हवा ज्यात तो रुग्ण "सगळ्यांत जास्त दिवस राहिलेला" म्हणून हिशेबात राहील, पण किती जास्त यावरून इतर नऊ जणांचा आवाज दाबणार नाही.

क्रम लावल्यावर काय उरतं

दोन्ही गट क्षणभर विसरून दहाही जणांना एका रांगेत, कमी दिवसांपासून जास्तीकडे, उभं करू. ३, ४, ५ हे पहिले तीन क्रमांक नव्या गटाचे. चौथा क्रमांक ६ दिवसांच्या रुग्णाचा, तो जुन्या गटाचा. पाचवा आणि सहावा, म्हणजे ७ आणि ८ दिवस, पुन्हा नव्या गटाचे. पुढचे चारही, ९, ११, १४ आणि ४१ दिवस, जुन्या गटाचे. त्यांचे क्रमांक ७, ८, ९ आणि १०.

आता दिवस विसरायचे आणि फक्त क्रमांकांची बेरीज करायची. नव्या गटाची १ + २ + ३ + ५ + ६ = १७. जुन्या गटाची ४ + ७ + ८ + ९ + १० = ३८. दोन्ही मिळून ५५ यायलाच हवेत, कारण १ ते १० ची बेरीज ५५ आहे. हाताने हिशेब करताना ही पडताळणी जरूर करावी. शेवटच्या रुग्णाने ४१ ऐवजी १७ दिवस घेतले असते, किंवा ४०० घेतले असते, तरी त्याचा क्रमांक १० च राहिला असता आणि बेरजाही याच आल्या असत्या.

क्रम लावण्याच्या फायद्याबद्दल विचारलं की बहुतेक जण इथेच थांबतात: टोकाच्या आकड्याचा जोर मोडतो. ते खरं आहे, पण अर्धंच. मला स्वतःला यापुढची पायरी जास्त मोलाची वाटते, कारण "वितरण कोणतंही चालेल" हे या चाचणीचं वचन तिथून येतं.

समजा, दोन्ही पद्धतींत काहीच फरक नाही. म्हणजे प्रत्येक रुग्ण कोणत्याही गटात पडला असता तरी तितकेच दिवस राहिला असता. मग नव्या गटाला १, २, ३, ५, ६ हे क्रमांक मिळाले ते केवळ चिठ्ठ्या तशा निघाल्या म्हणून. दहा क्रमांकांमधून पाच निवडण्याचे एकूण २५२ मार्ग आहेत आणि फरक नसेल तर प्रत्येक मार्ग सारखाच शक्य आहे. मग प्रश्न इतकाच उरतो, की या २५२ पैकी किती वाटपांत बेरीज १७ किंवा त्याहून कमी येते.

हे बोटांवर मोजता येतं. सगळ्यांत लहान बेरीज १ + २ + ३ + ४ + ५ = १५, ती एकाच प्रकारे येते. १६ ही एकाच प्रकारे येते: १, २, ३, ४, ६. १७ दोन प्रकारे येते: १, २, ३, ४, ७ आणि १, २, ३, ५, ६. एकूण चार. दुसऱ्या टोकाला, म्हणजे नवी पद्धत तितकीच वाईट ठरण्याच्या बाजूला, अशीच चार वाटपं आहेत. म्हणून दोन्ही बाजूंचं पी-मूल्य ८ भागिले २५२, म्हणजे ०.०३२.

या हिशेबात प्रसामान्य वितरण कुठेच आलं नाही, प्रमाण विचलनही आलं नाही. दिवसांचं वितरण कोणत्या आकाराचं आहे हे विचारण्याची गरजच पडली नाही, कारण क्रम लावला की कोणतेही दहा वेगवेगळे आकडे १ ते १० च होतात. दिवस असोत, रक्तातलं एखादं प्रमाण असो की झाडाची उंची, पाच-पाच जणांच्या तुलनेत हे २५२ मार्ग तेच राहतात. एकदा मोजून तक्ता केला की तो सगळ्यांना लागू पडतो. मूळ आकड्यांचीही अशी अदलाबदल करून पाहता येते, पण प्रत्येक नव्या माहितीसाठी तो हिशेब पहिल्यापासून करावा लागतो. संगणक हाताशी नव्हते तेव्हा हा फरक फार मोठा होता.

फ्रँक विलकॉक्सन यांनी १९४५ साली ही चाचणी मांडली ती याच गरजेतून. ते अमेरिकन सायनामिड या कंपनीत कीटकनाशकं आणि बुरशीनाशकांवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा लेख जेमतेम चार पानांचा आहे आणि त्यातल्या एका उदाहरणात माश्या मारण्याच्या दोन फवाऱ्यांची आठ-आठ चाचण्यांवर तुलना केली आहे. त्यांना झटपट करता येणारी पद्धत हवी होती. दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हेन्री मॅन आणि डोनाल्ड व्हिटनी यांनी गट असमान असले तरी लागू पडेल असा सिद्धांत मांडला. म्हणून हीच चाचणी कुठे विलकॉक्सनची क्रम-बेरीज चाचणी म्हणून भेटते, कुठे मॅन-व्हिटनी म्हणून. पी-मूल्य दोन्हींत एकच येतं.

जोड्या लावून पाहिलं तर

मॅन आणि व्हिटनी यांनी तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मोजली, आणि मला तीच बाजू जास्त बोलकी वाटते. जुन्या गटातला प्रत्येक रुग्ण नव्या गटातल्या प्रत्येकासमोर उभा करा. ५ गुणिले ५, अशा २५ जोड्या होतात. किती जोड्यांत जुन्या पद्धतीतला रुग्ण जास्त दिवस राहिला? ९, ११, १४ आणि ४१ हे चौघे पाचही जणांपेक्षा जास्त, म्हणजे २० जोड्या. ६ दिवसांचा रुग्ण ३, ४, ५ यांच्यापेक्षा जास्त, म्हणजे आणखी ३. एकूण २३. उरलेल्या २ जोड्यांत उलट. या २३ ला U म्हणतात.

क्रमांकांच्या बेरजेशी याचं नातं अगदी सरळ आहे. पाच जणांची कमीत कमी बेरीज १५ असते. जुन्या गटाची बेरीज ३८, त्यातून १५ वजा केले की २३ उरतात. नव्या गटाचे १७ वजा १५ म्हणजे २.

२३ भागिले २५ म्हणजे ०.९२. याचा अर्थ कुणालाही सांगता येतो: दोन्ही गटांतून सहज एकेक रुग्ण उचलला, तर ९२ टक्के वेळा जुन्या पद्धतीतला जास्त दिवस राहिलेला निघतो. फरक अजिबात नसता तर हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास असता. प्रबंधांत आणि शोधनिबंधांत नुसतं पी-मूल्य छापतात आणि हा आकडा वगळतात, याचं मला वाईट वाटतं. पी-मूल्यापेक्षा डॉक्टरला आणि रुग्णाला हाच कळतो.

याच २५ जोड्यांमधून फरकाचा अंदाजही काढता येतो. प्रत्येक जोडीतला दिवसांचा फरक लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे तेरावा, घ्या. तो ६ दिवस येतो. याला हॉजेस-लेमन अंदाज म्हणतात. सरासऱ्यांचा फरक १०.८ होता, त्यातला मोठा वाटा एकाच रुग्णाचा होता. आपल्या आकड्यांवर याचा विश्वास अंतरालही मिळतो, तो १ ते ३६ दिवस येतो. इतका रुंद अंतराल बघून निराश व्हायचं कारण नाही. पाच-पाच रुग्णांवरून फरक आहे इतकंच सांगता येतं, किती आहे ते नेमकं सांगता येत नाही, हे तो स्पष्टपणे दाखवतो.

R या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले की चाचणी एका ओळीत होते:

```
juni <- c(6, 9, 11, 14, 41)
navi <- c(3, 4, 5, 7, 8)
wilcox.test(juni, navi, conf.int = TRUE)
```

इथे W = 23 छापून येतं. R ज्याला W म्हणतं ते पहिल्या गटाचं U असतं, क्रमांकांची बेरीज नसते. हाताने ३८ काढून ते इथे न दिसल्यामुळे गोंधळणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

ही चाचणी मध्यकाची नाही

"मॅन-व्हिटनी चाचणी दोन गटांच्या मध्यकांची तुलना करते" हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं आहे, की ते चूक आहे हे पटवायला उदाहरणच द्यावं लागतं. एका गटात १, २, ३, १०, ११, १२, १३ घ्या. दुसऱ्यात ७, ८, ९, १०, २०, २१, २२ घ्या. दोन्हींचा मध्यक १०. आता ४९ जोड्या मोजा. दुसऱ्या गटातले ७, ८, ९ हे पहिल्यातल्या तिघांना मागे टाकतात, म्हणजे ९ जोड्या. दुसऱ्यातला १० तिघांना मागे टाकतो आणि एकाशी बरोबरी करतो, बरोबरीचा अर्धा धरून ३.५. शेवटचे तिघे सातही जणांना मागे टाकतात, म्हणजे २१. एकूण ३३.५, साधारण ६८ टक्के. असाच आकार ठेवून गट मोठे केले तर चाचणी ठामपणे फरक दाखवेल, आणि मध्यक मात्र तंतोतंत सारखे असतील.

चाचणी विचारते ते एवढंच: एका गटातला माणूस दुसऱ्या गटातल्या माणसापेक्षा वरचढ निघण्याकडे कल आहे का? दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल आणि एक फक्त बाजूला सरकलेलं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर आणि मध्यकातल्या फरकाचं उत्तर एकच होतं. ही अट पाळली गेली आहे का, ते आलेख काढून पाहावं लागतं. आपल्या रुग्णांत ती पाळली गेलेली नाही. जुना गट फार पसरलेला आहे, नवा एकवटलेला आहे. म्हणून तो ६ दिवसांचा अंदाज "मध्यकांतला फरक" म्हणून न मांडता "जोड्यांमधल्या फरकांचा मध्यक" म्हणूनच लिहायला हवा.

पसारा असमान असण्याचा आणखी एक धोका आहे. दोन्ही गटांत वरचढ निघण्याची शक्यता अर्धी-अर्धी असली, पण एक गट दाटीवाटीने आणि दुसरा विस्कटलेला असला, तर चाचणीचा चुकीने फरक दाखवण्याचा दर ठरलेल्या ५ टक्क्यांवर राहत नाही. लहान गट जास्त पसरलेला असेल तर तो दर वाढतो. अशा वेळी २००० साली मांडली गेलेली ब्रुनर-मुंझेल चाचणी वापरावी. तीही क्रमांकांवरच चालते, पण दोन्ही गटांचा पसारा सारखा असल्याचं गृहीत धरत नाही. मात्र तिचा हिशेब अंदाजे असतो, त्यामुळे प्रत्येक गटात दहाच्या आसपास तरी नोंदी हव्यात.

बरोबरीचे आकडे हा व्यवहारातला रोजचा प्रश्न. दोन रुग्ण सातच दिवस राहिले आणि रांगेत त्यांची जागा पाचवी-सहावी असेल, तर दोघांनाही ५.५ क्रमांक द्यायचा. थोड्या बरोबऱ्या असतील तर काही बिघडत नाही, फक्त मोजणीचा नेमका तक्ता तसाच वापरता येत नाही. "एक ते पाच गुण द्या" अशा प्रश्नावलीत मात्र शंभर जण पाचच जागांवर बसतात आणि क्रमांकांत फारसा तपशील उरत नाही. तिथे बरोबरीची दुरुस्ती लावणारं सॉफ्टवेअरच वापरावं.

गट फार लहान असले तर चाचणी मुकी होते. तीन-तीन जणांची तुलना असेल तर एकूण वाटपं २०. तिघेही तिघांपेक्षा सरस ठरले तरी दोन्ही बाजूंचं पी-मूल्य २ भागिले २०, म्हणजे ०.१. आकडे कितीही दूरदूर असोत, यापेक्षा खाली जाणं शक्य नाही. प्रयोगशाळेत तीन-तीन नमुन्यांवर ही चाचणी लावून "फरक आढळला नाही" असं लिहिणं म्हणजे, जे आढळूच शकत नव्हतं ते आढळलं नाही, असं लिहिणं आहे.

क्रम लावल्याने माहिती वाया जाते, ही शंका बरेच जण काढतात. किती जाते हे गणिताने ठरलेलं आहे. आकडे खरोखरच प्रसामान्य असतील तर मोठ्या नमुन्यांत या चाचणीची कार्यक्षमता टी-चाचणीच्या तुलनेत ३ भागिले पाय, म्हणजे साधारण ९५.५ टक्के असते. टी-चाचणीला ९५-९६ नोंदी पुरत असतील तिथे हिला १०० लागतात. हॉजेस आणि लेमन यांनी १९५६ मध्ये दाखवलं, की सारख्या आकाराची, फक्त सरकलेली वितरणं घेतली तर कोणत्याही आकारात ही कार्यक्षमता ८६.४ टक्क्यांखाली जात नाही. लांब शेपटीच्या आकड्यांत ती शंभराच्या कितीतरी वर जाते. नुकसानीला तळ आहे, फायद्याला छत नाही.

म्हणून आधी प्रसामान्यतेची चाचणी करायची, ती "नापास" झाली तर मॅन-व्हिटनी लावायची, हा रिवाज मला पटत नाही. दहा-पंधरा नोंदींत शापिरो-विल्क सारखी चाचणी वाकडेपणा अनेकदा पकडू शकत नाही, आणि हजार नोंदींत ती किरकोळ वाकडेपणावरही बोट ठेवते. म्हणजे जिथे गरज असते तिथे ती गप्प, आणि जिथे नसते तिथे बोलते. मुक्कामाचे दिवस, खर्च, प्रतीक्षेचा वेळ या गोष्टी उजवीकडे लांबलेल्या असतात हे आकडे गोळा करण्याआधीच माहीत असतं. चाचणी तेव्हाच ठरवावी आणि आराखड्यात लिहून ठेवावी.

मात्र प्रश्नच सरासरीचा असेल तर क्रम लावून भागत नाही. रुग्णालयाच्या प्रशासकाला नव्या पद्धतीने वर्षभरात किती खाटा मोकळ्या होतील हे हवं असतं. ते एकूण दिवसांवर ठरतं, आणि एकूण दिवसांत ४१ म्हणजे ४१ च. तिथे सरासऱ्यांचा फरकच काढावा लागतो, आणि त्याचा अंतराल बूटस्ट्रॅपने, म्हणजे मिळालेल्या आकड्यांतूनच पुन्हापुन्हा नमुने काढून, काढता येतो. त्यासाठी पाच-पाच रुग्ण पुरत नाहीत. एखाद्या शेपटीचा अंदाज बांधायचा तर त्या शेपटीतले पुरेसे रुग्ण आधी दिसायला लागतात.